जाहिरात दिसत नाही: ऑडियन्स लहान आहे की बोली कमी आहे?

मोहीम सुरू होऊन चार दिवस झाले, बजेट तसेच पडून आहे, आणि बैठकीत ठरलेले वाक्य येते: "ऑडियन्स लहान आहे, टार्गेटिंग मोकळे करा." हे निदान अनेकदा चुकीचे असते. जाहिरात मंजूर झालेली नसणे, तारखा चुकणे किंवा पैसे भरण्यात अडचण येणे ही कारणे पडद्यावर लिहिलेलीच असतात, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवत नाही. गफलत होते ती ऑडियन्स अपुरा असणे आणि बोली अपुरी असणे या दोन गोष्टींत, कारण बाहेरून दोन्हींचे लक्षण एकच असते: खर्च होत नाही.

लहान ऑडियन्समध्ये जाहिरात पोहोचायच्या लोकांपर्यंत पोहोचलेली असते आणि पुढे माणसेच उरत नाहीत. कमी बोलीत माणसे भरपूर असतात, पण जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या प्रत्येक लिलावात आपण हरतो. म्हणून बघायचे ते रीच, म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या लोकांना दिसली, आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकेकाला सरासरी किती वेळा दिसली; केवळ खर्च नव्हे. रीच सुरुवातीला झपाट्याने वाढून सपाट झाला आणि फ्रिक्वेन्सी मात्र चढत राहिली, तर ऑडियन्स आटला आहे. रीच एकूण ऑडियन्सच्या अगदी किरकोळ भागापुरता आणि फ्रिक्वेन्सी एकच्या आसपास असेल, तर संशय बोलीवर घ्यावा. खात्री करण्यासाठी ऑडियन्सला हात न लावता फक्त बोलीची मर्यादा दीडपट करून दोन-तीन दिवस थांबावे. या काळात रीच वाढला तर अडचण किमतीची होती. नुसती फ्रिक्वेन्सी वाढली तर आकाराची. एकाच दिवशी बोलीही वाढवायची आणि टार्गेटिंगही सैल करायचे ही सवय मला अजिबात मान्य नाही, कारण मग कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

निदान चुकले की नुकसान कसे होते, ते पाहा. बोली कमी असताना ऑडियन्स मोठा केला, तर खर्च सुरू होतो आणि सगळ्यांना हायसे वाटते; पण त्या बोलीत जिंकता येतात ते बहुतांशी इतरांनी सोडून दिलेले स्वस्त इम्प्रेशन. हवे असलेले लोक आधीही मिळत नव्हते आणि आताही मिळत नाहीत, फक्त आता त्यासाठी पैसे जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौकशी केलेल्या ५,००० लोकांची ईमेल यादी लिंक्डइनवर अपलोड केली, त्यातली २,४०० खाती जुळली, आणि वर "व्यवस्थापक" हे पद व तीन शहरे अशा अटी लावल्यावर ७०० लोक उरले. लिंक्डइन ३०० पेक्षा कमी सदस्य असतील तर मोहीम चालवतच नाही; ७०० ही संख्या तेवढी पार करते, पण किमान मर्यादा ओलांडणे आणि बजेट खर्च होण्याइतके लोक मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, कारण त्या ७०० पैकी या दिवसांत तिथे फिरकणारे बरेच कमी असतात. दहा दिवसांत रीच ४३० आणि फ्रिक्वेन्सी ९ झाली. त्यातले ३९० लोक पहिल्या तीन दिवसांतच मिळाले होते. बोली दीडपट केल्यावर रीच ४४० आणि फ्रिक्वेन्सी १२. येथे शंकेला जागा नाही: ऑडियन्सच लहान आहे.

आता सैल काय करायचे? ज्या अटीने माहितीत काहीच भर पडत नाही, ती आधी काढावी. चौकशी करणाऱ्याने आपला रस स्वतःच दाखवलेला आहे, त्यामुळे पदाची अट येथे निरर्थक आहे. सेवा त्या तीन शहरांपुरतीच नसेल तर शहरांचीही. दोन्ही काढल्यावर २,४०० लोक परत मिळतात. अटी "आणि"ने जोडल्या की ऑडियन्स आक्रसतो, "किंवा"ने जोडल्या की फुगतो, हे माहीत असूनही लोक एकाच चौकटीत नवे छंद टाकत राहतात आणि खरी आवळणारी अट तशीच ठेवतात.

त्यानंतर वेबसाइटला भेट देणाऱ्यांची मुदत वाढवावी. मोहीम मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर असेल, तर ही मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येते. पण पाच महिन्यांपूर्वी आलेला माणूस कालच्या माणसाइतका उत्सुक नसतो, म्हणून त्याला वेगळ्या ॲड सेटमध्ये, कमी बोलीवर ठेवावे. सर्वांत शेवटी यादीवरून तयार केलेला एक टक्क्याचा लुकअलाइक. मेटाला त्यासाठी एका देशातले किमान १०० लोक मूळ यादीत लागतात, आणि एक टक्का म्हणजे निवडलेल्या देशातले, यादीशी सर्वांत मिळतेजुळते एक टक्का लोक. म्हणजे आपल्या २,४०० च्या मानाने तो बहुधा प्रचंडच असतो. म्हणून त्याला स्वतंत्र बजेट द्यावे आणि त्यातून मूळ यादी वगळावी. दोन्ही एकाच ॲड सेटमध्ये घातले, तर मोठा आणि स्वस्त भाग बहुतेक पैसा ओढून घेतो आणि ज्यांच्यासाठी मोहीम काढली ते २,४०० लोक उपाशी राहतात. आपोआप ऑडियन्स वाढवणारा पर्यायही याच कारणाने मी पहिल्या दिवशी बंद ठेवतो: त्याने जोडलेले लोक मूळ ऑडियन्सपासून वेगळे मोजता येतीलच असे नाही.