पिवळं, जाड नख म्हणजे बुरशीच?

"पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय. बुरशीच ना? मेडिकलमधून मलम आणू?"

थांबा. अशी नखं साधारण निम्म्याच वेळा बुरशीची निघतात. बूट लागून नख काळं पडलं असेल तर मुळाशी स्वच्छ नख उगवतं आणि डाग महिन्याला दीडेक मिलिमीटर पुढे सरकतो. सरकत नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. बुरशी बहुधा उलट, टोकाकडून मुळाकडे शिरते. नखाखाली भुसा साठतो. सोरायसिस या त्वचेच्या आजारात हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, तेलाच्या थेंबासारखा तांबूस डाग दिसतो. पण त्याच नखात बुरशीही असू शकते, म्हणून बुरशीच्या गोळ्यांआधी नखाचा तुकडा आणि भुसा तपासून घ्या. आधीच मलम लावलंत तर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.