डीएफएस : पाच गिगाहर्ट्झ वाय-फाय अधूनमधून गायब होणे

घरातले २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क जागेवर असते, पण पाच गिगाहर्ट्झचे नाव फोनच्या यादीतूनच नाहीसे होते आणि काही मिनिटांनी परत येते. राउटरचे दिवे चालू असतात, इंटरनेटची लाइनही शाबूत असते. अशा वेळी कारण बहुधा डीएफएस, म्हणजे डायनॅमिक फ्रिक्वेन्सी सिलेक्शन, हे असते. आपण वापरत असलेल्या चॅनेलवर रडार ऐकू आले तर राउटरने तो चॅनेल सोडावा, असा हा नियम आहे.

पाच गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घ्यावे लागतात. इथे रडार मूळ मालक आणि वाय-फाय पोटभाडेकरू. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत वाय-फायला ही जागा मिळाली ती याच अटीवर. अट मोडली तर काय होते, हे हवामान रडारच्या चित्रावर दिसते: वाय-फायच्या दिशेने केंद्रापासून कडेपर्यंत खोट्या पावसाची सरळ रेघ उमटते.

विमाननगरमधल्या सातव्या मजल्यावरचे एक घर उदाहरणादाखल घेऊ. राउटर चॅनेल १०० वर, ८० मेगाहर्ट्झ रुंदीने चालू आहे. रात्री सव्वानऊच्या सुमारास व्हिडिओ कॉल तुटतो. राउटरची नोंदवही उघडली तर, काटछाट करून, असे दिसते:

```
21:14:07 DFS-RADAR-DETECTED freq=5500
21:14:08 DFS-CAC-START freq=5260 chan=52 cac_time=60s
21:15:08 DFS-CAC-COMPLETED success=1 freq=5260
21:44:07 DFS-NOP-FINISHED freq=5500
```

पहिल्या ओळीत राउटरने रडारसारखे ठोके ऐकले. आता दहा सेकंदांच्या आत चॅनेल सोडणे भाग होते. त्याने ५२ निवडला, पण तोही रडारच्याच वाट्यातला. त्यामुळे बोलायला सुरुवात करण्यापूर्वी साठ सेकंद नुसते ऐकत बसावे लागले. या मिनिटात राउटर आपले नावसुद्धा पुकारत नाही, म्हणून यादीत ते दिसत नाही. तेवढ्यात पुन्हा ठोका ऐकू आला की तिसरा चॅनेल आणि नवी साठ सेकंदे. शिवाय अशा चॅनेलवर फोन स्वतःहून हाक मारत नाही, राउटरची हाक कानी पडायची वाट पाहतो, आणि दरम्यान २.४ वर गेलेला असेल तर तिथेच रेंगाळतो. एका मिनिटाचे चार होतात ते असे. शेवटच्या ओळीत अर्ध्या तासाची बंदी उठली. ती एकट्या १०० वर नव्हती. ८० मेगाहर्ट्झची रुंदी वापरल्याने १०४, १०८ आणि ११२ देखील तिच्यात अडकले होते. राउटरने ३६ वर उडी मारली असती, तर ऐकत बसण्याची गरजच नव्हती आणि कॉल कदाचित क्षणभर अडखळून सावरला असता.

पुण्यात बोट लगेच लोहगावच्या विमानतळाकडे किंवा शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसकडे जाते. (हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले, त्याची आठवण या नावात उरली आहे.) पण जवळ विमानतळ किंवा हवामान कचेरी असणे हा पुरावा नव्हे. एस-बँडचे हवामान रडार तीन गिगाहर्ट्झच्या खाली चालते, एक्स-बँडचे नऊच्या आसपास. दोन्ही या चॅनेलांच्या बाहेर. अडचण सी-बँडची, विशेषतः ५.६० ते ५.६५ गिगाहर्ट्झच्या हवामान रडारची. चॅनेल १२०, १२४ आणि १२८ त्यात येतात. युरोपात तिथे एका मिनिटाऐवजी दहा मिनिटे ऐकावे लागते.

खरे रडार आणि भास यांतला फरक नोंदवहीतल्या `freq` वरून बऱ्यापैकी कळतो. रडार आपली फ्रिक्वेन्सी सहसा बदलत नाही, त्यामुळे तोच आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर ते खरे असण्याची शक्यता जास्त. आज 5500, उद्या 5260, परवा 5680 असे आकडे विखुरले असतील तर संशय राउटरवरच घ्यावा. तो मायक्रोसेकंदांचे ठोके आणि त्यांमधले अंतर मोजून ओळख पटवतो, आणि शेजारच्या वाय-फायचा किंवा अगदी जवळ ठेवलेल्या लॅपटॉपचा तुटक सिग्नलही कधी त्या साच्यात बसतो. फर्मवेअर बदलल्यावर असे भास कमी किंवा जास्त झालेले आढळतात.

उपाय म्हणजे `Channel` ची निवड `Auto` वर न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक ठरवून देणे आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झवर ठेवणे. रुंदीकडे दुर्लक्ष होते: ३६ निवडून १६० मेगाहर्ट्झ ठेवले की पट्टा ६४ पर्यंत पसरतो आणि रडारचा नियम मागच्या दाराने परत येतो. मोठ्या सोसायटीत मात्र सगळे याच दोन गटांत कोंबलेले असतात, त्यामुळे नेटवर्क गायब झाले नाही तरी संध्याकाळी वेग उतरू शकतो. भासच फार होत नसतील तर रडारचे चॅनेल तिथे बऱ्याचदा अधिक मोकळे सापडतात. राउटरमध्ये भलत्याच देशाचे नाव निवडून हा नियम चुकवण्याची युक्ती सुचवली जाते, पण ती बेकायदा आहे.