सावलीवरून झाडाची उंची (काठीची पद्धत)

उंच झाडावर न चढता त्याची उंची काढायची जुनी पद्धत. जवळच एक काठी सरळ उभी करायची, काठीची आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. झाडाची सावली गुणिले काठीची उंची, भागिले काठीची सावली, झालं. सूर्य इतका लांब आहे की त्याची किरणं झाडापाशी आणि काठीपाशी समांतरच येतात, म्हणून दोन्हीकडचे त्रिकोण समरूप होतात, हे शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं त्यामुळे त्यात फार शिरत नाही.

उगमाबद्दल मात्र वाद आहे. ग्रीक परंपरा याचं श्रेय थेलीसला देते (इ.स.पू. सहावं शतक), पण झाडासाठी नाही, इजिप्तच्या पिरॅमिडसाठी, आणि गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते. डायोजेनिस लार्शियसने हायरोनिमसच्या आधाराने दिलेल्या गोष्टीत थेलीस आपली सावली आपल्या उंचीइतकी होईपर्यंत थांबतो आणि तेव्हा पिरॅमिडची सावली मोजतो. प्लुटार्कच्या गोष्टीत तो सावलीच्या टोकाला काठी रोवतो आणि गुणोत्तर काढतो, म्हणजे आपली आजची पद्धत. प्लुटार्क थेलीसनंतर सहाशेहून जास्त वर्षांनी लिहितोय, आणि हायरोनिमस त्याच्या बराच आधीचा, शिवाय त्याच्या गोष्टीत गणितही कमी लागतं, त्यामुळे पहिली गोष्ट मूळच्या जास्त जवळची असावी असं मानायला जागा आहे. दोन्हीत एक अडचण तशीच राहते, ती म्हणजे पिरॅमिडचं टोक पायाच्या मध्यावर असतं, सावली बाहेर दिसते ती काठापासून, तेव्हा पायाची अर्धी बाजू मिळवावी लागते. झाडाच्या बाबतीत हीच अडचण बुंध्याच्या रूपाने येते, ती पुढे.

आपल्याकडे काठीला शंकू म्हणायचे आणि तो बहुधा १२ अंगुळांचा धरायचे. आर्यभटीयात (इ.स. ४९९) शंकू आणि सावलीचं गणित आहे पण तिथे उजेड दिव्याचा आहे, आणि दिवा जवळ असल्याने किरणं पसरतात, म्हणजे झाडाचा हिशेब त्यातून जसाच्या तसा उचलता येत नाही. ब्रह्मगुप्त (इ.स. ६२८) आणि लीलावती (इ.स. ११५० च्या सुमारास) या दोन्हीत छायाव्यवहार म्हणून वेगळं प्रकरण आहे. बेळगाव भागाच्या दृष्टीने जवळचा म्हणजे महावीराचार्य, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, ग्रंथ साधारण इ.स. ८५० चा, त्याच्या गणितसारसंग्रहातही सावलीचं प्रकरण आहे. पण या प्रकरणांवरून ही पद्धत ग्रीकांकडून आली की इथेच स्वतंत्रपणे निघाली हे ठरवता येत नाही, स्वतंत्र म्हणणंच जास्त सुरक्षित.

आता प्रत्यक्ष. खानापूरकडे बांधावर सरळ वाढलेली निलगिरी आहे असं धरू, दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला, वेळ दुपारी पावणेतीनच्या आसपास. सूर्य नैऋत्येला उतरलेला असतो, सावली ईशान्येला पडते. काठी जमिनीच्या वर बरोबर ४ फूट ठेवली तर या वेळी तिची सावली ५ फुटांच्या जवळ येते. झाडाची सावली सालीपासून टोकापर्यंत ७३ फूट ९ इंच भरली, बुंधा दीड फूट जाड आहे, तर अर्धी जाडी ९ इंच मिळवून ७४ फूट ६ इंच. चाराने गुणून पाचाने भागलं की साधारण साडेएकोणसाठ फूट. काठीची सावली एका इंचाने चुकली तरी उत्तर जवळपास एक फूट हलतं, म्हणून वीतभर लांबीची डहाळी रोवून हे करू नये. आणि आधी काठी मोजून, मग गप्पा मारत झाडाची सावली मोजली तर या वेळी पाच मिनिटांत झाडाची सावली सुमारे दोन फूट सरकलेली असते, म्हणजे उत्तर दीड फुटाने जास्त. दोघांनी एकदम खूण मारायची, मग टेप निवांत लावला तरी चालतो.

टोक नेमकं कुठे, हाही प्रश्न असतोच. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, त्यामुळे सावलीची कड पुसट होते. वरच्या उदाहरणात झाडाचा पुसट पट्टा दीड फुटाच्या आसपास असतो आणि काठीचा जेमतेम इंचभर, पण प्रमाण दोन्हीकडे सारखंच, तेव्हा पट्ट्याचा मध्य धरा नाहीतर बाहेरची कड धरा, दोन्हीकडे एकच धरा म्हणजे झालं.

उताराची भीती उगाच घातली जाते. जमीन एकसारखी उतरती असेल आणि काठी त्याच उतारावर ओळंब्याने उभी असेल तर गुणोत्तर तसंच राहतं, दोन्ही मापं उतारावरूनच घ्यायची. घोळ होतो तो काठी उताराला काटकोनात रोवली की, किंवा झाड उतारावर आणि काठी सपाट खळ्यावर असली की. झाडच कललेलं असेल तर मात्र शेंड्याच्या बरोबर खाली जमिनीवर जी जागा येते तिथून मोजायला लागतं, बुंध्यापासून नाही.

खरी फसवणूक गोल डेऱ्याच्या झाडात आहे. आंबा घ्या, ४५ फूट उंच, डेरा चेंडूसारखा गोल, त्रिज्या २० फूट, म्हणजे डेऱ्याचा मध्य २५ फुटांवर. सावलीची कड शेंड्याची नसतेच, किरण डेऱ्याला जिथे घासून जातो त्या बाजूच्या फांद्यांची असते. काठी आणि तिची सावली सारखी असताना मोजलं तर उत्तर ५३ फूट येतं. ऊन डोक्यावर चढून ४ फुटी काठीची सावली २ फूट ४ इंचाजवळ आली की ६५ फूट, म्हणजे आंब्याला वीस फूट फुकट मिळाले! उलट सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, काठीची सावली तिच्या दुप्पट असताना मोजलं तर साधारण साडेसत्तेचाळीस. ऊन जितकं तिरपं तितकी ही चूक कमी, पण पुसट पट्टा रुंदावतो आणि सावली इतकी लांबते की बाजूच्या उसात शिरते, तेव्हा दुप्पट हा मला बरा मध्य वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे, एकाच दिवशी दोन वेगळ्या वेळी मोजा, निलगिरीचं उत्तर दोन्ही वेळी सारखं येईल, आंब्याचं ऊन चढेल तसं वाढत जाईल.

बेळगावचं अक्षांश साधारण १५.९ अंश उत्तर, त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच राहत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, झाडाच्या उत्तरेला टेप घेऊन थांबलेल्याला काही मिळत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला तसंही ऊन क्वचितच, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने सोयीचे.

गावात सावलीचं टोक बरेचदा समोरच्या भिंतीवर चढतं. तेव्हा भिंतीच्या पायापर्यंतची सावली नेहमीसारखी काठीच्या हिशेबाने काढायची आणि भिंतीवर चढलेली उंची आहे तशी त्यात मिळवायची, तिला गुणोत्तर लावायचं नाही.