धातू तेवढाच, पृष्ठफळ मात्र वेगळे

धातूचे तीन भरीव गोळे आहेत. त्यांच्या त्रिज्या ३, ४ आणि ५ सेंटिमीटर. तिन्ही वितळवून त्यांचा एकच गोळा ओतला. नव्या गोळ्याची त्रिज्या किती? आणि त्याचे पृष्ठफळ आधीच्या तिन्ही गोळ्यांच्या एकूण पृष्ठफळापेक्षा किती टक्क्यांनी कमी किंवा जास्त?

महत्त्वमापनातला हा प्रश्न सोडवायला लागणारी सूत्रे दोनच. गोलाचे घनफळ ४/३ πr³ आणि पृष्ठफळ 4πr². सूत्रे पाठ असूनही उत्तर चुकते, कारण कोणती राशी कायम राहते आणि कोणती बदलते हे ठरवण्याआधीच आकडे घातले जातात. कुणी त्रिज्यांची बेरीज करून १२ लिहितो, तर कुणी तिन्ही पृष्ठफळे मिळवून ती नव्या गोळ्याच्या पृष्ठफळाशी समान धरतो.

वितळवण्यात खरे तर एकच गोष्ट टिकते, ती म्हणजे वस्तुमान. धातू तोच असेल आणि मोजमाप आधी व नंतर सारख्याच तापमानाला, पूर्ण घट्ट झालेल्या स्थितीत केले असेल, तर घनताही तीच राहते. वस्तुमान तेच, घनता तीच, म्हणून घनफळही तेच. जुन्या आणि नव्या आकाराला जोडणारे समीकरण हे एवढेच. पृष्ठफळाला असा कोणताही आधार नाही. पृष्ठभाग म्हणजे धातूचा जो भाग या क्षणी बाहेरच्या बाजूला आहे तो. तीन गोळ्यांचा एक झाला की आधी बाहेर असलेले कितीतरी कण आत जातात. एका गोळ्याच्या अनेक गोळ्या केल्या की आतले कण बाहेर येतात.

म्हणून पहिली ओळ घनफळाची. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असलेला ४/३ π गुणक निघून जातो आणि फक्त त्रिज्यांचे घन उरतात: २७ + ६४ + १२५ = २१६. नव्या त्रिज्येचा घन २१६, म्हणजे त्रिज्या ६ सेंटिमीटर. तीन लागोपाठच्या संख्यांच्या घनांची बेरीज नेमकी चौथ्या संख्येचा घन व्हावी, हा योग मला दर वेळी नव्याने सुखावतो. आता त्रिज्या हाती आली, तेव्हा पृष्ठफळ काढायला हरकत नाही. जुनी एकूण पृष्ठफळे 4π(९ + १६ + २५), म्हणजे २००π चौरस सेंटिमीटर. नवे पृष्ठफळ 4π × ३६, म्हणजे १४४π. घट ५६π, म्हणजे २८ टक्के. प्रश्न उलटा विचारला, म्हणजे ६ चा गोळा वितळवून ३, ४ आणि ५ चे गोळे केले, तर वाढ तेवढीच ५६π असते. पण ती १४४π वर मोजायची असल्याने सुमारे ३९ टक्के येते.

चुकीची वाट धरली तर काय होते, हेही पाहू. पृष्ठफळे समान धरली तर त्रिज्येचा वर्ग ५० येतो आणि त्रिज्या सुमारे ७.०७. अशा गोळ्याचे घनफळ काढले तर ते आपल्याकडे असलेल्या धातूच्या घनफळापेक्षा जवळजवळ ६४ टक्क्यांनी जास्त भरते. एवढा धातू आला कुठून? त्रिज्यांची बेरीज करून १२ घेतली, तर आठपट धातू लागेल. उत्तर बरोबर आहे का, हे तपासायचे असेल तर नव्या आकाराचे घनफळ एकदा जुन्याशी ताडून पाहावे. चूक लगेच उघडी पडते.

आता हाच ६ सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा वितळवून १ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्या करू. त्रिज्येचे घन २१६ आणि १, म्हणून गोळ्या २१६. एका गोळीचे पृष्ठफळ 4π, सगळ्यांचे मिळून ८६४π, म्हणजे मूळ गोळ्याच्या बरोबर सहापट. इथे तीन वेगवेगळ्या संख्या एकमेकांत मिसळतात. गोळ्यांची संख्या २१६, एका गोळीच्या पृष्ठफळाशी मोठ्या गोळ्याचे गुणोत्तर ३६, आणि एकूण पृष्ठफळातली वाढ ६ पट. त्रिज्येचे गुणोत्तर ६ आहे, त्याचा वर्ग ३६ आणि घन २१६. प्रश्नात 'प्रत्येक गोळीचे' लिहिले आहे की 'सर्व गोळ्यांचे एकूण', हे न वाचता गणित सुरू केले तर ६ च्या जागी ३६ लिहिले जाते.

सहापटच का, याचे अतिशय सुंदर उत्तर भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीतल्या नियमातून मिळते. गोलाच्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ मिळते, असा तो नियम आहे. आपल्या गोळ्यावर तो लावून पाहा: १४४π × १२ ÷ ६ = २८८π, आणि ४/३ π × २१६ हेही २८८π. आता नियम उलटा वाचा. पृष्ठफळ म्हणजे घनफळाची सहापट भागिले व्यास. सारख्या आकाराच्या गोळ्या कितीही असोत, त्यांचे एकूण घनफळ ठरलेले असेल तर एकूण पृष्ठफळ व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केला की एकूण पृष्ठफळ दुप्पट, व्यास एकषष्ठांश केला की सहापट. त्यासाठी गोळ्या मोजायचीही गरज नाही.

गोळ्याचा गोळाच होत असेल तर एवढ्यावर भागते. गोळ्याची वृत्तचिती होते तेव्हा विषयाची खरी खोली दिसते. त्याच २८८π घन सेंटिमीटर धातूची ६ सेंटिमीटर त्रिज्येची वृत्तचिती ओतली, असे समजा. तळाचे क्षेत्रफळ ३६π, म्हणून उंची ८ सेंटिमीटर. आता पृष्ठफळांची तुलना करा. वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ 2πrh, म्हणजे ९६π. गोलाच्या १४४π पेक्षा हे कमी आहे. एकूण पृष्ठफळात वरचे आणि खालचे वर्तुळ मिळवले की ९६π + ७२π = १६८π होते, आणि हे गोलापेक्षा जास्त आहे. म्हणजे गोलाशी वृत्तचितीचे गुणोत्तर वक्रपृष्ठफळ धरले तर ३:२ आणि एकूण पृष्ठफळ धरले तर ६:७. नुसता आकडा नाही, तर मोठे कोण हेच उलटते. 'वक्र' आणि 'एकूण' यांतला फरक इतका जड असतो.

इथे एक भरवशाची कसोटी हाती येते. ठरावीक घनफळ सामावणाऱ्या सगळ्या आकारांत सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे असते. त्यामुळे गोळा वितळवून दुसरा कोणताही भरीव आकार केला आणि त्याचे एकूण पृष्ठफळ गोलापेक्षा कमी आले, तर गणितात कुठेतरी चूक आहे, हे पुन्हा न सोडवताही सांगता येते. बहुतेक वेळा दोन्ही वर्तुळे धरायची राहिलेली असतात.

वृत्तचिती गोलाच्या किती जवळ जाऊ शकते? त्रिज्या बदलून पाहू. त्रिज्या ४ घेतली तर उंची १८ आणि एकूण पृष्ठफळ १७६π. त्रिज्या १२ घेतली तर उंची अवघी २, आकार चकतीसारखा, आणि पृष्ठफळ ३३६π. मधे कुठेतरी ते सर्वांत कमी असणार, आणि ते तेव्हा असते जेव्हा उंची आणि व्यास समान असतात. आपल्या धातूसाठी ती त्रिज्या सुमारे ५.२४ सेंटिमीटर येते आणि पृष्ठफळ सुमारे १६४.८π. तरीही ते गोलापेक्षा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जास्तच. यापेक्षा कमी कोणत्याही वृत्तचितीला जमत नाही.

दुसऱ्या टोकाला तार. तार म्हणजे लांबलचक वृत्तचितीच. याच गोळ्याची २ मिलिमीटर व्यासाची तार काढली, तर त्रिज्या १ मिलिमीटर, म्हणजे ०.१ सेंटिमीटर. तिचा वर्ग ०.०१, म्हणून लांबी २८,८०० सेंटिमीटर, अर्थात २८८ मीटर. वक्रपृष्ठफळ ५७६०π, म्हणजे गोळ्याच्या चाळीसपट. तारेच्या दोन टोकांची वर्तुळे मिळून ०.०२π भरतात, ती सोडून दिली तरी चालते. ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वृत्तचितीत मात्र तीच दोन वर्तुळे सोडल्याने उत्तर उलटे झाले होते. तारेच्या प्रश्नात दोन गोष्टी आधी पाहाव्यात: दिलेला आकडा व्यास आहे की त्रिज्या, आणि एकक मिलिमीटर आहे का. व्यासालाच त्रिज्या समजलात तर लांबी चौथाई येते. मिलिमीटर तसेच ठेवून १ घातलात तर २८८ मीटरची तार २८८ सेंटिमीटरची होऊन बसते.

कधी प्रश्नात म्हटलेले असते की ओतताना १० टक्के धातू वाया गेला. अशा वेळी समीकरण मोडत नाही, फक्त बदलते: नवे घनफळ = जुन्याच्या ०.९ पट. ही घट घनफळातच धरायची. त्रिज्येतून १० टक्के वजा केले तर घनफळ ०.७२९ पट होते, म्हणजे २७ टक्के धातू गायब. आपल्या २१६ गोळ्यांचे २१६ × ०.९ = १९४.४ होतात, म्हणजे पूर्ण गोळ्या १९४ आणि थोडा धातू शिल्लक.

खऱ्या ओतकामात बहुतेक धातू घट्ट होताना आणि निवताना आकसतात, म्हणून साचा थोडा मोठा ठेवावा लागतो. आपल्या समीकरणाला त्याने बाधा येत नाही, कारण तुलना निवलेल्या घट्ट धातूची निवलेल्या घट्ट धातूशी आहे. बाधा येते ती आत पोकळी राहिली तर. वजन तेवढेच, पण पाण्यात बुडवल्यावर जास्त पाणी बाजूला सारले जात असेल, तर आत हवा अडकली आहे असे समजावे.

पोकळी मुद्दाम ठेवली असेल तेव्हा तिचे घनफळ वजा करायचे. आपल्या तिघांपैकी फक्त ३ आणि ४ चे गोळे वितळवून ६ सेंटिमीटर बाह्य त्रिज्येचा पोकळ गोळा ओतला, तर आतली त्रिज्या किती? २१६ मधून ९१ वजा केले की १२५ उरतात, म्हणून आतली त्रिज्या ५ आणि जाडी १ सेंटिमीटर. दोन भरीव गोळ्यांचे पृष्ठफळ मिळून १००π होते. पोकळ गोळ्याच्या नुसत्या आतल्या बाजूचेच १००π भरते, आणि बाहेरचे १४४π. बाहेरून रंग द्यायचा असेल तर १४४π धरायचे. दोन्ही बाजूंनी मुलामा चढवायचा असेल तर २४४π.