नोकऱ्यांच्या साइटवरून माहिती आणताना आम्ही कुठे थांबतो

काम द्यायला आलेले ग्राहक आम्हाला हमखास दोन प्रश्न विचारतात. जाहिरात सगळ्या जगाला दिसतेच आहे, मग ती उचलायला हरकत कसली? आणि सहा हजार पानं आणायला तुम्हाला इतका वेळ का लागतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पहिल्याचं तितकंसं नाही.

उघडं दिसतं, पण कुणाचं?

उघड्या पानांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या हायक्यू विरुद्ध लिंक्डइन या खटल्याचा दाखला दिला जातो. हायक्यू ही लिंक्डइनवरच्या उघड्या प्रोफाइलमधली माहिती उचलणारी कंपनी. लॉगिन न करता दिसणारी पानं वाचणं म्हणजे संगणकात बेकायदा शिरणं असं बहुधा म्हणता येणार नाही, असं अपील न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. बरेच जण खटल्याची गोष्ट इथेच संपवतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने हायक्यूने लिंक्डइनच्या वापरकर्ता कराराचा भंग केल्याचं ठरवलं. त्यात माहिती खरवडून नेणं, म्हणजे स्क्रेपिंग, होतं आणि खोटी प्रोफाइल वापरणंही होतं. डिसेंबरमध्ये हायक्यूविरुद्ध पाच लाख डॉलरचा निवाडा मान्य होऊन प्रकरण मिटलं. थोडक्यात, बेकायदा शिरकावाच्या आरोपातून सुटलेला माणूस कराराच्या बाजूने अडकू शकतो.

म्हणून लॉगिनच्या आतलं काहीही आम्ही आणत नाही. खातं उघडताना ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारली, की साइटच्या अटी तुमच्यावर बंधनकारक ठरण्याची शक्यता फार वाढते. तुमचं स्वतःचं खातं आणि पासवर्ड देऊ केलात तरी आम्ही नाहीच म्हणतो, कारण करार मोडल्याचा ठपका तेव्हा तुमच्यावर येईल.

युरोपात आणखी एक पदर आहे. तिथे डेटाबेस उभा करायला केलेल्या मोठ्या खर्चालाच कायद्याचं संरक्षण आहे, मग त्यातली एकेक जाहिरात कुणाचीही असो. सीव्ही-ऑनलाइन लाटव्हिया विरुद्ध मेलन्स हा खटला थेट आपल्या धंद्यातला आहे. मेलन्सची साइट नोकऱ्यांचा शोध घेऊन द्यायची. पदाचं नाव, कंपनी, ठिकाण आणि तारीख दाखवायची आणि वाचकाला दुव्यावरून मूळ साइटवर पाठवायची. इतकं सभ्य वागणंसुद्धा आपोआप सुरक्षित ठरलं नाही. मूळ साइटने घातलेला पैसा वसूल होण्याला यामुळे धोका पोहोचतो का, हे तपासा, असं युरोपीय न्यायालयाने जून २०२१ मध्ये सांगितलं. तुमची मागणी आम्ही याच कसोटीवर घासून पाहतो. एका क्षेत्रातल्या पगारांचा कल काढायचा असेल तर अडचण सहसा नसते. त्याच साइटची हुबेहूब नक्कल करून तिचेच वाचक खेचायचे असतील तर ते काम आम्ही घेत नाही.

जाहिरातीतला मजकूर कुणीतरी लिहिलेला असतो, म्हणून पूर्ण वर्णन आम्ही पुढे छापायला देत नाही. पद, कंपनी, ठिकाण, पगार, तारीख आणि मूळ दुवा एवढं देतो. भरती करणाऱ्या माणसाचं नाव, ईमेल आणि फोन आम्ही साठवण्याआधीच गाळतो. ती वैयक्तिक माहिती असते, आणि तिचा पुढे काय उपयोग होतो हे सांगायला नको.

साइटचे नियम वाचायचे कसे

अटींच्या पानाखेरीज बहुतेक साइटवर robots.txt नावाची फाइल असते. ती कायदा नाही आणि कुलूपही नाही. बॉटने, म्हणजे पानं आपोआप आणणाऱ्या प्रोग्रॅमने, कुठे जाऊ नये, हे घरमालकाने त्यात लिहून ठेवलेलं असतं. नमुन्यादाखल हे पाहा:

```
User-agent: *
Disallow: /search
Disallow: /jobs/
Allow: /jobs/view/
Crawl-delay: 10
Sitemap: https://example.com/sitemap-jobs.xml
```

वरून खाली वाचणारा माणूस तिसऱ्या ओळीवरच हात टेकतो. पण २०२२ च्या प्रमाणित नियमांनुसार सर्वांत लांब जुळणारी ओळ लागू होते, म्हणून `/jobs/view/` खालच्या जाहिराती बघायला मोकळीक आहे. शोधपानं मात्र बंद. फाइल नसेलच (404), तर नियमांनुसार मनाई नाही. फाइल मागितल्यावर सर्व्हर कोसळल्याचा संदेश (5xx) आला, तर पूर्ण मनाई समजायची. दोन मागण्यांमध्ये किती सेकंद थांबायचं ते सांगणारी `Crawl-delay` ही ओळ त्या प्रमाणित नियमांत नाही आणि गूगलचा बॉटही ती ओळ मानत नाही. आम्ही मानतो, कारण ती लिहिणाऱ्याला काय हवंय ते स्पष्ट आहे.

वेग

आता याच साइटवरच्या सहा हजार जाहिराती रोज ताज्या हव्यात असं धरू. दर पानामागे दहा सेकंद म्हणजे साठ हजार सेकंद, सुमारे १६ तास ४० मिनिटं. रोज असं करणं मूर्खपणाचं. साइटमॅपमध्ये, म्हणजे साइटने स्वतः दिलेल्या पानांच्या यादीत, प्रत्येक दुव्यापुढे `lastmod` ही शेवटच्या बदलाची तारीख असेल, तर पहिली पूर्ण फेरी तीन रात्रींत विभागायची आणि पुढे रोज बदललेलीच पानं आणायची. समजा ती चारशे निघाली. चार हजार सेकंद, तास-सव्वा तासाचं काम. वेग वाढवायचा हाच खरा उपाय आहे, मागण्याच कमी करणं. काही साइट मात्र रोज सगळ्याच तारखा बदलतात, तिथे ही युक्ती चालत नाही आणि आम्ही तसं आधीच सांगतो.

वेगाची सूचना नसेल तर आम्ही पाच सेकंदांना एक मागणी ठेवतो, एका वेळी एकच. बॉटच्या नावात आमचा संपर्काचा ईमेल असतो. तक्रार करणाऱ्याला आम्ही सापडलो पाहिजे.

अति होतंय हे सर्व्हर बहुतेक वेळा सांगतो. 429 म्हणजे मागण्या जास्त झाल्या. त्यासोबत `Retry-After: 120` आलं तर दोन मिनिटं थांबायचं. आकडा नसेल तर आम्ही थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करतो आणि पाचव्यांदा तेच झालं तर त्या दिवसाचं काम बंद. न बोलता दिलेले इशारेही असतात. एरवी अर्ध्या सेकंदात येणारं पान तीन सेकंद घेऊ लागलं, तर ओझं कदाचित आपलंच असतं.

सर्वांत फसवा प्रकार 200 चा. उत्तर ‘ठीक’ आहे, पण पानावर जाहिरातीऐवजी माणूस असल्याची खात्री मागणारं कोडं आहे. बॉट ते मुकाट्याने साठवतो आणि तुमच्या तक्त्यात पदांची नावं रिकामी येतात. म्हणून रिकाम्या पदांचं प्रमाण अचानक वाढलं की आमची यंत्रणा थांबते. इथे अनेक जण दर मागणीला आयपी पत्ता बदलतात किंवा कोडी सोडवून घेतात. आम्ही दोन्ही करत नाही. दार लावून घेतलेल्या माणसाला वेष बदलून भेटायला जाण्याला सभ्यतेचा कुठलाच मुलामा चढत नाही.

भरलेल्या जागा

एक जबाबदारी तुमच्याकडेही येते. जाहिरातीत `validThrough` ही मुदतीची तारीख असेल तर ती आम्ही पाठवतो, आणि मूळ पान नाहीसं होऊन 404 किंवा 410 देऊ लागलं की नोंदीवर ‘बंद’ अशी खूण करतो. ती नोंद तुमच्या साइटवरून त्याच दिवशी उतरली पाहिजे. नाहीतर कुणीतरी भरलेल्या जागेसाठी रात्र जागून अर्ज लिहीत बसतो.

काम सांगताना साइटची नावं, माहिती कशासाठी हवी आणि ती किती ताजी लागेल, एवढं लिहून पाठवा. शक्य तिथे आम्ही आधी साइटलाच पत्र लिहून फीड, म्हणजे जाहिरातींची तयार यादी, मागतो. कंपन्या ज्या सेवांवर आपल्या जागा जाहीर करतात त्यांतल्या काही, उदाहरणार्थ ग्रीनहाउस आणि लिव्हर, या जागा सार्वजनिक एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅमला थेट वाचता येईल अशा रूपात, स्वतःच देतात. तशी सोय सापडली तर स्क्रेपिंगची गरजच उरत नाही आणि तुमचं बिलही कमी होतं.