कोनचे 18 एमएम गेले कुठे? सपाट प्लेटवरून कोन बनवताना

भेळवाला कागदाची पुडी कशी वळतो बघितलंय ना? सपाट कागद, एक गिरकी, आणि हातात कोन तयार. कागद कुठे ताणला नाही, कुठे चुणी पडली नाही. आता त्याच कागदाने चेंडू मढवून बघा, चुण्या पडल्याशिवाय कागद बसणारच नाही. गाउसने 1827 मध्ये या फरकामागचं गणित मांडलं, त्याचा सोप्या भाषेत अर्थ असा की न ताणता न दाबता सपाट होणारे पृष्ठभाग वेगळे असतात आणि कोन त्यातला एक आहे. म्हणून तर कोन आधी प्लेटवर आखता येतो, कापता येतो आणि मग वळवता येतो. या सपाट आखणीला आमच्या फॅब्रिकेशनच्या कामात डेव्हलपमेंट म्हणतात.

मी भोसरीच्या एका शेडमध्ये शिकत होतो तेव्हा हॉपरच्या बुडाचा कोन माझ्याकडे आला. वर बाहेरून 600 एमएम, खाली बाहेरून 300, उभी उंची 360, प्लेट 5 एमएमची. टोक छाटलेला कोन, म्हणजे बादली उपडी न ठेवता सरळ ठेवली की जसा दिसतो तसा.

पहिली गोष्ट, उभी उंची आखणीत थेट वापरायचीच नाही. प्लेट तिरकी उभी राहणार, तर तिची लांबी तिरकी मोजायला पाहिजे. वरच्या आणि खालच्या त्रिज्येतला फरक 150, उंची 360, काटकोन त्रिकोण झाला, कर्ण बरोबर 390. हा आकडा मनात पक्का ठेवा.

दुसरी गोष्ट जाडीची. प्लेट वळवली की बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, आणि साधारण मधल्या रेषेची लांबी आहे तेवढीच राहते, त्यामुळे हिशोब बाहेरच्या व्यासावर न करता मधल्या व्यासावर करायचा, म्हणजे 600 ऐवजी 595 आणि 300 ऐवजी 295 (प्लेट तिरकी असल्यामुळे काटेकोर आकडा थोडा वेगळा येतो, पण या कोनात व्यासावर अर्ध्या एमएमच्या आत). कोणी बाहेरचाच व्यास धरला तर परीघ 15.7 एमएम जास्त कापला जातो आणि कोन 605 चा होऊन बसतो. पातळ पत्र्यात हे खपून जातं, 5 एमएमला नाही.

आता आखणी. छाटलेल्या कोनच्या बाजू मनातल्या मनात खाली वाढवत नेल्या की त्या एका टोकाला मिळतात, ते टोक म्हणजे आपलं सेंटर. मोठी त्रिज्या काढायची तर 390 ला 595 ने गुणा आणि दोन्ही व्यासांतल्या फरकाने, म्हणजे 300 ने भागा, 773.5 येतं. त्यातून तिरकी उंची 390 वजा केली की लहान त्रिज्या 383.5. एकाच सेंटरवरून या दोन कमानी मारायच्या, मधला पट्टा म्हणजे आपला कोन. हे सेंटर कापायच्या तुकड्याच्या बाहेर पडतं, म्हणून एका लांब पट्टीला दोन भोकं पाडून एकात खिळा आणि दुसऱ्यात खडू किंवा स्क्रायबर, असा कंपास आम्ही वापरायचो.

कमानी मारून झाल्या, पण कुठपर्यंत मारायच्या? मोठ्या कमानीची लांबी मोठ्या परिघाएवढी हवी, 595 गुणिले पाय, म्हणजे 1869.2 एमएम. शाळेत आणि आयटीआयत शिकवतात ती पद्धत अशी की वर्तुळाचे 12 भाग करा, एका भागाचं अंतर डिव्हायडरमध्ये धरा आणि कमानीवर 12 वेळा टाका. मी तेच केलं, एक भाग 154 एमएम आला, बारा वेळा नीट टाकला, कापला, रोलिंगला दिला. कोन आला 594 चा, आणि खालचं तोंड 297.

सगळ्यांनी आधी रोलिंगवाल्याकडे बघितलं. शेडमधले जुने फॅब्रिकेटर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते म्हणाले, "रोल केलेलं तोंड पुन्हा सपाट होणार नाही, तुझी आखणी आहे ना अजून प्लेटवर? कमानीवर तार बसव आणि ती तार सरळ करून मोज." उरलेल्या प्लेटवर मोठी कमान शिल्लक होती, तिच्यावर मी बारा खुणांमधनं तार बसवली, मग सरळ केली आणि टेप लावला. 1851.

1869 पाहिजे होते, 1851 होते, 18 एमएम गेले कुठे? डिव्हायडर वक्र अंतर मोजतच नाही, तो दोन बिंदूंमधलं सरळ अंतर मोजतो. 297.5 च्या त्रिज्येवर 30 अंशांची कमान 155.8 एमएम लांब आहे पण तिची सरळ रेषा 154. तेच 154 मी 773.5 च्या कमानीवर टाकले, ती कमान जास्त सपाट, तिथे 154 च्या सरळ रेषेवर वक्र फक्त 154.25 भरतो. दर भागाला दीड एमएम खाल्लं, बारा भागांत 18. माझा हात चुकला नव्हता, पद्धतच तेवढं खाते. 24 भाग केले असते तर तूट साडेचार एमएमवर आली असती, म्हणजे भाग दुप्पट केले की तूट साधारण पाव होते. कागदावरच्या ड्रॉइंगला 12 भाग पुरतात, प्लेटवर मला ते अजिबात पटत नाहीत.

मग करायचं काय? कमान सेंटरपाशी किती अंशांची हवी ते आधीच माहीत आहे, 150 भागिले 390 गुणिले 360, म्हणजे 138.46 अंश. पण प्रोट्रॅक्टरने तो आखू नका, 773.5 च्या त्रिज्येवर एक अंश म्हणजे 13.5 एमएम! त्यापेक्षा कमानीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर हिशोबाने काढा: दोन गुणिले 773.5 गुणिले 69.23 अंशांची साइन, 1446.5 एमएम. लहान कमानीसाठी तसंच 717.2. मोठ्या कमानीवर एका टोकाला पंच मारा, तिथून टेपने 1446.5 वर दुसरा, दोन्ही टोकं सेंटरला जोडा आणि मग लहान कमानीवर 717.2 येतंय का बघा. आलं नाही तर सेंटर हललंय, कापायच्या आधीच कळतं. त्यावर परत तार टाकून 1869 बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आखणी बरोबर असूनही एक घोटाळा होतो तो वळवताना. वळवायच्या रेषा कोनच्या टोकाकडे जाणाऱ्या पाहिजेत, एकमेकींना समांतर नाही. रोलिंगमध्ये लहान कडा थोडी मागे अडवून धरावी लागते कारण तिला कमी अंतर जायचंय, आणि प्रेसवर हळूहळू मोडायचं तर आधी सेंटरकडून किरणांसारख्या रेषा मारून घ्यायच्या. समांतर मोडलं तर जोडावर लगेच दिसतं, एका टोकाला कडा भिडलेल्या आणि दुसऱ्या टोकाला अंगठा जाईल एवढी फट, किंवा एक कडा दुसरीच्या वर सरकलेली. अशा वेळी प्लेट कापून जुळवू नका, कापली की व्यास गेला, मोडच परत सुधारा.

दुसरा कोन मी 1446.5 ने आखला. रोलिंगहून आला तेव्हा मामांनी जोड टॅक करायच्या आधी वरच्या तोंडावर टेप फिरवला आणि कोन हॉपरच्या गोल भागावर, म्हणजे शेलवर ठेवला, कडा कडेला बसली, मग त्यांनी वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात दिला.