प्रकाशश्वसन: नावानेच केलेला घोटाळा

भादव्यात पावसाने पंधरा दिवस दडी मारली की विदर्भातल्या वावरात फरक दिसू लागतो. सोयाबीनची पानं दुपारी माना टाकतात, तर धुऱ्यालगतची ज्वारी बराच वेळ तग धरते. मुळांची खोली हे त्याचं एक कारण आहे, पण दुसरं कारण पानाच्या आत आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर प्राणवायू विरळ असतानाच्या काळात घडलं. आज ते कधीकधी कार्बनऐवजी प्राणवायूच धरतं. ऊन वाढलं, किंवा पाणी वाचवायला पानाची छिद्रं मिटली, की ही चूक वाढते. त्यातून दोन कार्बनचा एक निरुपयोगी तुकडा तयार होतो. असे दोन तुकडे दुरुस्त करताना चारपैकी तीन कार्बन परत मिळतात आणि एक वायू होऊन निसटतो.

१९५५ च्या सुमारास उजेड बंद करताच पानातून कार्बन डायऑक्साइडचा झोत येताना दिसला आणि पुढे या क्रियेला प्रकाशश्वसन हे नाव चिकटलं. माझ्या मते ते नाव चुकीचंच आहे. श्वसनातून ऊर्जा मिळते, इथे ती खर्च होते. शिवाय ‘श्वसन’ म्हटल्यावर ते थांबवता येईल, पीक वाढेल, असं वाटू लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात ही दुरुस्तीची वाट बिघडलेले वाण शोधले गेले. जादा कार्बन डायऑक्साइडमध्ये ते छान वाढले, साध्या हवेत मात्र पिवळे पडून मेले. दोन कार्बनचा तुकडा साचून विषारी ठरत होता. म्हणजे उधळपट्टी रुबिस्कोच्या चुकीत आहे. तिच्यामागची वाट ही सफाई आहे. पाठ्यपुस्तकं अजून दोन्ही एकाच नावाखाली ठेवतात.

चूक मुळातच टाळण्याचा मार्ग साठच्या दशकात उसात उलगडला. मका आणि ज्वारी त्याच वाटेच्या. पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसरं विकर कार्बन पकडतं. त्याला प्राणवायूची भूल पडत नाही. चार कार्बनचं आम्ल बनून तो कार्बन शिरेभोवतीच्या जाड पेशींच्या कड्यात जातो आणि तिथे सुटतो. रुबिस्को त्याच कड्यात असतं, त्यामुळे त्याच्याभोवती कार्बनची गर्दी राहते.

१९६९ मध्ये एका बंद पेटीत मका आणि सोयाबीन एकत्र ठेवून उजेड दिला गेला. सोयाबीनच्या पानाला दहा लाखांत सुमारे ५० भागांखाली कार्बन डायऑक्साइड गेला की जितका मिळतो त्याहून जास्त निसटू लागतो. मका मात्र त्याखालीही ओढत राहतो. सोयाबीनमधून सुटलेला कार्बन मक्याने खाल्ला आणि सोयाबीन पिवळं पडून मेलं. उघड्या वावरात हे होत नाही, कारण वारा नवी हवा आणतो.

कड्याची सोय फुकट नाही. पकडलेल्या प्रत्येक कार्बनमागे जादा ऊर्जा लागते. थंडीत रुबिस्कोची चूक आपोआप कमी होते, तेव्हा हा खर्च जड पडतो. आपल्या रब्बीतला गहू आणि हरभरा, दोघांच्याही पानात हे कडं वापरात नाही.